लुकलुकमधला क

माझा धंदा शब्द कापण्याचा आहे. मी मुद्रितशोधक. लेखकानं 'पुन्हा पुन्हा परत' असं लिहिलं की लाल पेनानं त्यातले दोन शब्द उडवायचे आणि उरलेला एक त्याच्या हवाली करायचा, हे माझं गेल्या पंधरा वर्षांचं काम. द्विरुक्ती दिसली की माझा हात आपोआप चालतो. अशा माणसाच्या पदरात देवानं सात महिन्यांची मुलगी टाकली आणि रात्री साडेनऊ वाजता तिला झोपवायची पाळी लावली.

ही पाळी खरं तर आईची. पण आई पंधरा दिवस मावशीकडे गेली आणि बायकोनं सांगितलं, "दिवसभर मी आहे. हा एक तास तुझा." तास म्हणाली खरी, पण पहिल्या रात्री तो पावणेतीन तासांचा निघाला.

आईची अंगाई मी रोज पलीकडच्या खोलीतून ऐकत असे. तिच्यात शब्द मोजून दोन: 'जो जो' आणि 'गाई गाई'. बाकी सगळं 'अंऽऽ'. एवढंच ती अर्धा अर्धा तास चालवायची. माझ्यातला मुद्रितशोधक अस्वस्थ व्हायचा. एक 'जो' पुरे आहे, असं मनात म्हणत मी समासात खूणसुद्धा करून टाकायचो. वाटायचं, आपल्या पोरीला जरा बरी संहिता मिळायला हवी.

म्हणून पाळी येताच मी स्वतः अंगाई लिहिली. गोड नादाचे शब्द मराठीत पोत्यानं पडलेत. शाळेत त्यांना अभ्यस्त शब्द म्हणायचे, आणि त्यातले आवाजाची नक्कल करणारे ते अनुकरणवाचक. मी त्यातले निवडून घेतले:

लुकलुक लुकलुक तारे जागले,
टपटप टपटप दव ठिबकले,
चिवचिव चिमणी भुर्र उडाली,
चिमीची पापणी मिटत आली.

वाचून दाखवलं तेव्हा बायको म्हणाली, "अंगाईत 'जागले' हे क्रियापद घालणारा तूच पहिला असशील." दुसऱ्यांची मुद्रितं तपासून माझी आयुष्याची पंधरा वर्षं गेली. स्वतःचं तपासलं नाही.

प्रयोग सुरू झाला. चिमी खांद्यावर, दिवा बंद, पंखा दोनवर. 'लुकलुक' म्हणताच तिचं रडणं थांबलं. मी खूश. तिनं मान मागं घेऊन माझ्या तोंडाकडे बघायला सुरुवात केली, तरी मी खूशच. 'टपटप'ला ती हसली. 'ठिबकले'ला खिदळली. आणि 'भुर्र' म्हटल्याबरोबर मान गर्रकन दाराकडे वळली, पाय सायकल मारायला लागले. आता आमच्या घरात 'भुर्र' म्हणजे बाहेर जाणं. टोपडं घालायचं, जिना उतरायचा, खालच्या मांजरीला भेटायचं. बाळाच्या भाषेत शब्द थोडे, पण प्रत्येकाच्या मागे करार असतो. आतून बायकोचा आवाज आला, "कबूल केलंस ना? आता ने तिला." रात्री पावणेअकराला आम्ही मांजरीला भेटून आलो. मांजर झोपली होती.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. अंगाई म्हणून दाखवली. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"अरे, छान आहे की," आई म्हणाली. "पण तू तिला ऐकण्यासारखं म्हणतोस, मग ती ऐकत बसते. झोपवायचं म्हणजे ऐकण्यासारखं काही ठेवायचंच नाही."

"मग म्हणायचं काय?"

"काही नाही. एक आवाज धरायचा आणि श्वास संपेपर्यंत सोडायचा नाही. तुमचे ते शब्द सारखे तुटतात बघ."

तुटतात! हे मात्र मला लागलं, कारण हे तपासता येण्यासारखं होतं. दुपारी मी आरशासमोर उभा राहून 'लुक' हा शब्द ताणायला लागलो. लुऽऽऽ पर्यंत छान चालतं. क आला की खटका पडतो. तो ताणताच येत नाही. कितीही जोर लावा, उचकीच लागते. शाळेतलं व्याकरण आठवलं: क, ट, प वगैरे स्पर्शव्यंजनं, त्यांच्या उच्चारात हवा क्षणभर अडते आणि मग सुटते. मोठ्यांना हे कळतही नाही, पण अंधारात, कानाशी, झोपेच्या उंबरठ्यावर असलेल्या जिवाला तो प्रत्येक वेळी कडी वाजल्यासारखा लागत असणार. 'लुकलुक लुकलुक' म्हणजे चार कड्या. 'टपटप टपटप' म्हणजे चार ट, चार प, एकूण आठ. मी पोरीला झोपवत नव्हतो, तिचं दार वाजवत होतो.

याउलट 'झुळझुळ' घ्या. ळ म्हणताना जीभ मागं वळते, टाळूला टेकते, पण बाजूनं आवाज निघत राहतो. 'रुणझुण'चा ण तर नाकातून हवा तेवढा वाहतो. म्हणजे शब्द गोड आहे की नाही हा प्रश्नच नाही, शब्दाची शेपटी ताणता येते की नाही हा आहे. लाल पेन काढलं. लुकलुक गेलं, टपटप गेलं, चिवचिव गेलं, खुळखुळ शेवटी चांगलं असूनही सुरुवातीच्या ख-मुळे गेलं. अंगाईत सुरुवात आणि शेवट दोन्ही मऊ लागतात, हा नियम मी त्या दिवशी केला. नियम केल्यावर मला नेहमीच बरं वाटतं.

रात्री 'रुणझुण'. पापण्या जड झाल्या. प्रत्येक झ-ला मात्र डावी पापणी किंचित थरथरत होती. झ महाप्राण, त्याच्याबरोबर थोडी वाफ सुटते आणि ती थेट तिच्या कानात जात होती. झ काढला. उरलं 'रुणूऽ रुणूऽ'. उत्तम. मग वाटलं, सगळ्यात मऊ व्यंजन म. ओठ मिटलेले, हवा नाकातून, कुठं खटका नाही. 'मंऽ मंऽ' सुरू केलं.

चिमीनं डोळे टक्क उघडले आणि तोंडही. आमच्याकडे, आणि बहुतेक मराठी घरांत, मंमं म्हणजे जेवण. शास्त्र बरोबर होतं, करार दुसराच निघाला. अर्धी वाटी पेज खाऊन ती ताजीतवानी होऊन परत खांद्यावर आली. बायको काही बोलली नाही. वाटी मात्र जरा जोरात ठेवली.

चार रात्री अशा छाटणीत गेल्या. शेवटी कागदावर काय उरलं असेल? 'जो जो', 'लू लू' आणि 'अंऽऽ'. म्हणजे 'गाई गाई'च्या जागी 'लू लू' एवढीच माझी भर, बाकी आईचीच संहिता. ज-ला थोडा अटकाव आहे, पण तो मृदू आहे, आणि लगेच ओ-चं मोकळं अंगण लागतं, श्वास पुरेल तोवर फिरा. तो शब्द ज्या कुणी बायांनी निवडला, त्यांनी व्याकरण शिकलं नसेल, पण मूल झोपेपर्यंत वापरून पाहिलं असणार.

इथे एक सांगून टाकतो. बारशाला म्हणतात तो पाळणा आणि ही अंगाई, या दोन वेगळ्या गोष्टी. पाळण्यात पहिला दिवस, दुसरा दिवस अशी कडवी चढत जातात, तो जमलेल्या बायांसाठी असतो. त्यातही 'जो जो' असतं, पण त्या गलक्यात कुणी झोपलेलं मी पाहिलेलं नाही. चिमीच्या कानात तर माझ्या बहिणीनं आधी 'कुर्र' केलं. क-नं सुरू होणारा आवाज! त्याबद्दल पाठीत धपाटे खाल्ले ते योग्यच झालं.

शब्द सापडले तरी झोप येईना. आता वेगाचं निघालं. मी घड्याळ लावून मोजलं, तर माझं थोपटणं मिनिटाला एकशेदहा. आईला व्हिडिओ कॉल केला, तिनं मावशीकडच्या उशीवर थोपटून दाखवलं: साठ. शिवाय हात उचलत नव्हती, नुसता मनगटातून टेकवत होती. "रडत असेल तेव्हा तिच्या वेगानं चाल," म्हणाली, "आणि मग तिला कळू न देता हळू हो. एकदम हळू झालास तर ती एकटी पुढं जाते." उशी बहुधा झोपली, कारण आईनं ती अलगद बाजूला ठेवली.

खाली ठेवण्याचं एक वेगळंच. 2022 मध्ये जपानी संशोधकांनी प्रयोग करून सांगितलं की रडणाऱ्या तान्ह्याला घेऊन पाच मिनिटं चालावं, झोप लागल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसावं, मग ठेवावं. लगेच ठेवलं तर बरीच मुलं जागी होतात. हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आठ मिनिटं कशाला मोजायची? हात उचलून सोडून बघ. चिंधीसारखा पडला की ठेव."

काल रात्री सगळं जुळून आलं. पाच मिनिटं चाललो. जोऽ जोऽ, लूऽ लूऽ. थोपटणं शंभरावरून नव्वद, ऐंशी, साठ. मग बसलो. शब्द गळत गेले, नुसता अंऽऽ उरला. तोही एकदम बंद करायचा नसतो, कारण अचानक आलेली शांतता हा फार मोठा आवाज असतो. तो बारीक करत करत नेला, कुठं संपला ते मलाही कळलं नाही. हात उचलून सोडला, चिंधी. अंथरुणावर पाठीवर निजवलं, तळहात मिनिटभर पोटावर ठेवला, मग एकेक बोट काढून घेतलं. करंगळी सर्वात शेवटी.

श्वास धरून मी उठलो आणि माझा उजवा गुडघा म्हणाला, "कट्ट."

एक क, दोन ट. तिन्ही कठोर, तिन्ही स्पर्श.

अंधारात एक डोळा उघडला. मी आहे तिथेच खाली बसलो. जोऽऽ जोऽऽ...