रिंग लाइनबद्दल खुलासा

“रिंग मारली की पाणी दोन्ही अंगांनी निम्मं-निम्मं येतं.” जालन्याकडच्या गावांत सध्या हे फिरतंय. रिंग म्हणजे टाकीपासून चौकापर्यंत दोन वाटांनी जोडलेली पाइपलाइन.

नाही. टाकीपासून चौकापर्यंत दोन्ही वाटांनी दाब सारखाच घटायला हवा. पाणी त्या हिशेबानं वाटलं जातं.

समजा, चौकात सेकंदाला 10 लिटर लागतात. पाइप दोन्हीकडे 100 मिमीचाच, पण एक वाट 300 मीटर, दुसरी 1200. 5-5 धरलं तर जवळच्या वाटेवर दाबाची घट साधारण 1.25 मीटर पाण्याच्या उंचीइतकी, लांबच्या वाटेवर 5. फरक 3.75. आता प्रत्येक वाटेची घट दुप्पट करून तिच्या प्रवाहानं भागा: 0.5 आणि 2, बेरीज 2.5. 3.75 भागिले 2.5, म्हणजे 1.5 लिटर लांबच्या वाटेवरून जवळच्या वाटेवर सरकवा. 6.5 आणि 3.5 झाले, फरक उरला 0.34. आणखी एक फेरी, की 6.67 आणि 3.33. अमेरिकन अभियंता हार्डी क्रॉसची 1936 ची ही रीत वहीवरही जमते. फरक वाढत गेला, तर अधिक-उण्याचं चिन्ह चुकलं, पाणी उलट्या वाटेवर सरकवलं समजा.

आपल्याकडे पाणी आठ-आठ दिवसांनी सुटतं. रिकामे पाइप भरेपर्यंत हा हिशेब लागू होत नाही.