शा-२५६ मजबूत आहे, तरीही सही बनवता येते: एका प्रतिक्रियेला उत्तर

> "लेख वाचला. उगाच घाबरवल्यासारखा वाटला. आम्ही डाउनलोडच्या लिंकवर sha256(key + msg) अशी सही लावतो. की ३२ बाइटांची आहे, रँडम आहे, सर्व्हरबाहेर कधी गेलेली नाही. शा-२५६ अजून कुणी फोडलेला नाही. हल्लेखोराला कीची लांबीसुद्धा माहीत नाही, आणि मध्ये कचरा बाइट घुसवले तर विनंती तशीही बाद होईल. मग दोन-दोनदा हॅश करणारा एचमॅक कशाला? फार तर की शेवटी लावू."

नमस्कार. सविस्तर लिहिलंत म्हणून आभार. मूळ लेखाचं म्हणणं असं होतं की मजकुराआधी की जोडून शा-२५६ हॅश काढला तर ती सही दुसऱ्यालाही पुढे वाढवता येते, म्हणून की दोन टप्प्यांत मिसळणारा एचमॅक वापरावा. तुमची की सुरक्षित आहे आणि शा-२५६ फुटलेला नाही, हे दोन्ही मला मान्य आहे. अडचण अशी की या हल्ल्याला की लागत नाही आणि शा-२५६ फोडावाही लागत नाही. तो वापरतो फक्त एकच गोष्ट: तुम्ही लिंकमध्ये स्वतःहून छापलेली सही.

शा-२५६ अख्खा मजकूर एकदम घेत नाही. तो ६४ बाइटांचे तुकडे पाडतो. आत ३२ बाइटांची एक अवस्था असते, म्हणजे ३२ बिटांचे आठ आकडे. सुरुवातीला त्यांत सगळ्यांना माहीत असलेली ठरावीक मूल्यं भरतात, मग प्रत्येक तुकडा ती अवस्था घुसळून बदलतो. शेवटचा तुकडा झाला की जी अवस्था उरते तीच, एक बिटही न लपवता, हॅश म्हणून बाहेर येते. विणकाम अर्ध्यात ठेवून सुया तशाच टाक्यांत सोडल्यासारखं आहे हे. पुढच्या माणसाला आधीचा भाग कसा विणला ते माहीत असण्याची गरज नाही. सुया हातात आल्या की तो तिथून पुढे विणू शकतो.

१९८९ साली मर्कल आणि डामगार्ड यांनी वेगवेगळं काम करून मांडलेली ही रचना एमडी५, शा-१ आणि शा-२५६ या तिघांतही आहे. एक तुकडा घुसळण्याचं गणित मजबूत असेल तर सारखा हॅश येणारे दोन मजकूर शोधणं तितकंच अवघड राहील, एवढीच हमी तिने दिली होती. "हा मजकूर की असलेल्यानेच पाठवला" अशी हमी तिने कधीच दिली नव्हती. ती आपण परस्पर गृहीत धरली.

आता तुमचंच उदाहरण घेऊ. समजा एका वापरकर्त्याला ही लिंक मिळाली:

```
user=42&file=report.pdf   sig = sha256(key + msg)
```

मजकूर २३ बाइट, की ३२ बाइट, एकूण ५५. शा-२५६ शेवटी स्वतःची भर घालतो: आधी `80` हा एक बाइट, मग लागतील तेवढी शून्यं, आणि शेवटच्या ८ बाइटांत मूळ मजकुराची लांबी बिटांमध्ये. ५५ बाइट म्हणजे ४४० बिट, हेक्समध्ये `01b8`. ५५ अधिक १ अधिक ८ म्हणजे बरोबर ६४. तुमच्या बाबतीत मधली शून्यं लागतच नाहीत. भर एवढीच:

```
80 00 00 00 00 00 00 01 b8
```

म्हणजे लिंकमधली सही ही हा एक तुकडा संपल्यानंतरची अवस्था आहे. हल्लेखोर ती सही आठ आकड्यांत फोडतो, स्वतःच्या शा-२५६ मध्ये सुरुवातीची अवस्था म्हणून भरतो, आणि `&file=salary.pdf` हे १६ बाइट पुढचा तुकडा म्हणून चालवतो. एकूण लांबी आता ८० बाइट, म्हणजे ६४० बिट, आणि नव्या भरीत तो `0280` लिहितो. जे बाहेर येतं ती या मजकुराची खरी, तुमच्या कीने काढल्यासारखी सही असते:

```
user=42&file=report.pdf%80%00%00%00%00%00%00%01%b8&file=salary.pdf
```

तुमचा सर्व्हर `%80` वगैरे उलगडतो, पुढे की जोडतो, हॅश काढतो. पहिल्या ६४ बाइटांनंतर त्याची अवस्था अगदी तीच होते जी त्याने पूर्वी छापली होती, आणि पुढचं गणित दोघांचं सारखंच चालतं. सही जुळते. पायथनच्या `hashlib` मध्ये मधूनच अवस्था भरायची सोय नाही, म्हणून हे अवघड वाटतं. पण हातानं लिहिलेला शा-२५६ काही फार मोठा प्रोग्रॅम नसतो, आणि `hash_extender` सारखी तयार साधनंही आहेत. तुमच्या टेस्ट सर्व्हरवर एकदा करून बघा. मी पहिल्यांदा माझ्याच जुन्या कोडवर हे चालवलं आणि सही जुळलेली पाहिली, तेव्हा कुठे मला ही गोष्ट खऱ्या अर्थाने कळली.

कीची लांबी हे कुलूप नाही. ती चुकली तर फक्त भरीतला आकडा आणि शून्यांची संख्या चुकते, सही नाकारली जाते, आणि हल्लेखोर पुढची लांबी लावतो. १ ते ६४ बाइट धरले तरी ६४ विनंत्या. शिवाय कुणीही आधी १६ आणि ३२ करून बघेल, तेव्हा तुमची दुसऱ्या फेरीतच सापडेल.

कचरा बाइटांबद्दल तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं मोकळेपणाने मान्य करतो. मजकूर जेसन असेल आणि पार्सर काटेकोर असेल तर शेवटच्या कंसानंतरचं शेपूट दिसताच तो विनंती नाकारेल. तुमच्या कोडने बाइटांचं यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करून मग सही तपासली, तर एकटा `80` तिथे वैध नसतो. तो बदलला जातो, आणि हल्ला फसतो. पण बघा, दोन्ही ठिकाणी तुम्हाला वाचवलं ते सहीने नाही, दुसऱ्याच कामासाठी लिहिलेल्या कोडने. उद्या कुणी पार्सर बदलला, किंवा "सही कच्च्या बाइटांवरच तपासायला हवी" म्हणून एक प्रामाणिक सुधारणा केली, की दार उघडतं, आणि त्या बदलात सहीच्या ओळीला हातही लागलेला नसतो.

तुमच्या लिंकसारख्या नाव-मूल्याच्या मजकुरात तर कचरा गिळला जाणं सोपं आहे. वरच्या मजकुरात `file` दोनदा आहे. पहिल्याचं मूल्य कचरा लागलेलं `report.pdf`, दुसऱ्याचं स्वच्छ `salary.pdf`. पीएचपी आणि जॅंगो अशा वेळी शेवटचं मूल्य देतात, फ्लास्कचं `args.get` पहिलं देतं. म्हणजे तुम्ही आज बचावता की नाही हे फ्रेमवर्कच्या सवयीवर ठरणार. आणि हे कागदावरचं भय नाही. २००९ मध्ये थाई डुओंग आणि हुलियानो रिझ्झो यांनी फ्लिकरच्या एपीआयवर नेमकं हेच दाखवलं. तिथे `md5(secret + params)` अशी सही होती, आणि वर नावं व मूल्यं विभाजकाशिवाय एकमेकांना चिकटवलेली होती. त्यामुळे जुना मजकूर आणि भर अख्खी एकाच निरुपद्रवी मूल्यात लपवता येत होती.

की शेवटी लावल्याने वाढवण्याचा मार्ग बंद होतो, हे खरं. पण त्या बदल्यात दुसरी बाजू उघडी पडते. `hash(msg + key)` मध्ये आधी मजकूर घुसळला जातो. ज्यांनी अवस्था सारखी होते असे समान लांबीचे दोन मजकूर हल्लेखोराला सापडले, तर पुढे कुठलीही की लावा, दोघांची सही सारखीच येणार. एक मजकूर तुमच्याकडून सही करून घ्यायचा, ती दुसऱ्याला चिकटवायची. आणि ही शोधाशोध तो तुमच्या सर्व्हरला एकही विनंती न पाठवता, घरी बसून करू शकतो. एमडी५चे असे जोड २००४ पासून आणि शा-१चा २०१७ पासून जगासमोर आहेत. शा-२५६ चा सापडलेला नाही, पण २५६ बिटांची की बाळगून सगळी सुरक्षितता असा जोड न सापडण्यावर टांगायची, हा सौदा मला पटत नाही.

एचमॅक १९९६ मध्ये बेलारे, कानेटी आणि क्रॉचिक यांनी मांडला, तो नेमका या दोन्ही बाजू सांभाळायला:

```
H( (key ^ opad) + H( (key ^ ipad) + msg ) )
```

`ipad` म्हणजे `36` हा बाइट ६४ वेळा, `opad` म्हणजे `5c` ६४ वेळा. की लहान असेल तर ती शून्यांनी ६४ बाइटांपर्यंत भरतात. आतल्या हॅशची अवस्था पुढे विणता आली असती, पण ती बाहेर येतच नाही. ती कीसह पुन्हा घुसळली जाते. बाहेर दिसते ती बाहेरच्या हॅशची अवस्था. ती हल्लेखोराने वाढवली तरी काही साधत नाही, कारण तपासणारा बाहेरच्या हॅशला नेहमी आतले ३२ बाइटच देतो. शेपूट लावलेला मजकूर तिथे कधी पोचत नाही.

खर्चाचंही मोजून सांगतो. तुमची ५५ बाइटांची गोष्ट आज एका तुकड्यात होते, एचमॅकला चार लागतील: आत दोन, बाहेर दोन. त्यांतले कीचे दोन तुकडे एकदाच काढून ठेवता येतात. मजकूर १ मेबीबाइट असेल तर तुकडे १६,३८४, आणि एचमॅकची वरची भर फक्त तीन-एक तुकड्यांची. "दोनदा हॅश" म्हणजे अख्खा मजकूर दोनदा नव्हे. बाहेरच्या फेरीत फक्त ३२ बाइट जातात.

बदल एवढाच:

```python
sig = hmac.new(key, msg, hashlib.sha256).hexdigest()
ok = hmac.compare_digest(sig, received)
```

दुसरी ओळ विसरू नका. साधं `==` पहिला वेगळा बाइट दिसला की थांबतं, आणि त्या वेळेच्या फरकातून सहीचा अंदाज बांधता येतो. शा-३ मध्ये आतली अवस्था २०० बाइटांची असते आणि बाहेर ३२च येतात, म्हणून तो असा वाढवता येत नाही. पण तिथेही हाताने की चिकटवण्यापेक्षा त्याच्यासाठीच बनवलेलं केमॅक आहे, तेच वापरा.

एचमॅक लावल्यानेही जे सुटत नाही ते सांगायला हवं. विभाजक नसेल तर `user=4` पुढे `2...` आणि `user=42` पुढे `...` यांचे बाइट सारखेच होतात. तिथे कितीही चांगली सही असली तरी ती दोन्हींना चालेल. म्हणून नाव-मूल्यांमध्ये विभाजक ठेवा. शिवाय एक नाव दोनदा आलं की विनंती थेट नाकारा, आणि लिंकची मुदत सही केलेल्या मजकुरातच ठेवा.

आता तुमच्या चालू सर्व्हरवर आधी एक काम करा: जुन्या लॉगमध्ये `%80%00` शोधा. आढळलं, आणि त्या विनंतीला सही चुकल्याचं उत्तर गेलं असेल, तर कुणी लांबी चाचपून बघत होतं. फाइल गेली असेल तर कुठली गेली ते पुढच्या `file=` मध्ये वाचा. मग नवी की काढून एचमॅक सुरू करा. जुन्या सह्या मुदत संपेपर्यंत चालू ठेवाव्या लागल्या, तर ती मुदत तासांत मोजा, कारण ती पद्धत जोवर स्वीकारली जाते तोवर वरचा सगळा खेळ तसाच चालतो.