सातपैकी दोन पॉइंट नेमके कुठून आले

★★☆☆☆
"आठ महिने झाले, पहिल्याच मोठ्या टूर्नामेंटला सातपैकी दोन पॉइंट. क्लासमध्ये तीन मोहरे ठेवून खेळवत बसतात, ओपनिंग शिकवत नाहीत. माझा मुलगा तिसरीत आणि शेजारी सातवीची मुलं. दुसऱ्या क्लासचे दर रविवारी ट्रॉफीचे फोटो असतात, इथे काय?"

नमस्कार ताई, आमच्या बुद्धिबळाच्या क्लासचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. मुलाचं नाव इथे लिहीत नाही, पण डाव कुठले ते तुम्हाला कळेलच.

आधी माझी चूक सांगते. 2025 च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकला आणि पुढच्या दोन महिन्यांत माझ्याकडे इतकी ॲडमिशन्स आली की मला नाही म्हणवेना. आठच्या बॅचमध्ये चौदा मुलं बसवली, संध्याकाळच्या दोन बॅच एकत्र केल्या आणि तुमचा मुलगा नेमका त्याच गर्दीत आला. मी बॅच इयत्तेवर लावत नाही हे खरं आहे. पहिल्या दिवशी वीस मिनिटं खेळवून बघते, समोरच्याने चाल केल्यावर मूल आधी "ह्याने काय धमकी दिली" ते बघतं की थेट स्वतःचा मोहरा उचलतं, फुकट पडलेला मोहरा दिसतो का, वजीर आणि राजा घेऊन एकट्या राजावर मात करता येते का. ह्यात तिसरीचं मूल सातवीच्या पुढे निघतं कधीकधी, म्हणून मिक्स. (सातवीची मुलं मग तिसरीच्या हातून हरली की पुढच्या महिन्यात येत नाहीत, ते वेगळंच दुखणं.) पण तुमच्या मुलाची ही टेस्ट त्या गडबडीत मी घेतलीच नाही, जागा होती तिथे बसवला. त्यामुळे तो आला तेव्हा बॅच एंडगेम, म्हणजे मोजकेच मोहरे उरल्यावरचा खेळ, संपवून पुढे गेली होती, आणि तो धडा त्याचा राहिला तो राहिलाच.

आता तो राहिलेला धडा टूर्नामेंटमध्ये कसा आडवा आला ते बघा. रॅपिडला मुलं चाली लिहीत नाहीत, म्हणून मी प्रत्येक राउंडनंतर बाहेरच्या बाकावर बोर्ड मांडून "कुठून बिघडलं ते लाव" असं सांगते, त्यामुळे सातही डाव माझ्या वहीत आहेत.

पहिला राउंड सोडून द्या. स्विस लीगमध्ये पहिल्या राउंडला यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो. 84 मुलं होती, रेटिंग नसलेली सगळी तळाला, ह्याचा नंबर 60 म्हणजे समोर 18 नंबरवाला, रेटिंग असलेला आणि दोन वर्षं जास्त खेळलेला. तिथे हरणं ठरलेलंच होतं. पुढे हळूहळू आपल्याइतक्याच पॉइंटची मुलं समोर येतात, खरी परीक्षा तिथून.

तिसऱ्या राउंडला हा अख्ख्या वजिराने पुढे होता. समोरच्याचा फक्त राजा उरलेला, तोही एच8 च्या कोपऱ्यात. ह्याचा वजीर ई6 वर, राजा लांब डी4 वर. इथे वजीर ई7 वर ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा, समोरचा राजा जी8-एच8 असा येरझारा घालत बसतो, तोवर आपला राजा तीन चालींत जी6 ला पोचतो आणि चौथ्या चालीला वजीर जी7, मात. ह्याने घाईत वजीर जी6 वर नेला. शह नाही, पण जी8, जी7, एच7 तिन्ही घरं बंद, राजाला हलायला जागाच नाही, स्टेलमेट, अर्धा पॉइंट. त्या डावात एकूण तीनच मोहरे होते ताई, दोन राजे आणि एक वजीर. क्लासमध्ये तीन मोहरे ठेवून खेळवते ते ह्याच्यासाठी, आणि दुर्दैव असं की नेमकं हेच त्याला शिकायला मिळालं नव्हतं.

बाकी कुठे गेलं? चार डाव हरला त्यातला एक तो पहिल्या राउंडचा, उरलेल्या तिन्हींपैकी एकाही डावात ओपनिंगमुळे हरला नाही. पंधरा मिनिटं अधिक प्रत्येक चालीला पाच सेकंद असा टाइम होता. दुसऱ्या राउंडला घोड्याच्या फोर्कमध्ये, म्हणजे एकाच चालीत दोन मोहऱ्यांवर हल्ला झाला त्यात, वजीर गेला आणि डाव संपला तेव्हा ह्याच्या घड्याळात 15 मिनिटं 40 सेकंद. म्हणजे सुरुवातीला होता त्यापेक्षा जास्त वेळ शिल्लक! चाल पाच सेकंदांच्या आत केली की असं होतं. चौथ्या आणि सहाव्यालाही बारा मिनिटांच्या वर उरले होते. अशा मुलाला आत्ता इटालियन ओपनिंगच्या दहा चाली पाठ करून दिल्या तर तो त्या दहा चाली अजून भराभर खेळेल आणि अकराव्या चालीला वजीर देईल, एवढाच फरक पडेल. पाचवा डाव त्याने जिंकला, सातवा ड्रॉ केला, आणि सातव्यात पहिल्यांदा मी सांगितल्यासारखं दोन्ही हात मांडीखाली ठेवून विचार केला. त्या डावाच्या शेवटी घड्याळात चार मिनिटं होती. मला त्या दिवसातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच वाटली, पण तुम्ही निकालाचा कागद बघून निघून गेलात आणि मी मागे धावले नाही, ते चुकलंच.

ट्रॉफीचं बोलते, दुसऱ्या क्लासवर टीका नाही, मीही दोन वर्षं हेच केलं. लोकल टूर्नामेंटला अंडर 7, 9, 11, 13, त्यात मुलींचे वेगळे, अशी प्रत्येक गटाला पाच-दहा बक्षिसं असतात. एकदा आमच्या अंडर 7 मुलींमध्ये सहाच एंट्री होत्या आणि ट्रॉफ्या पाच. सातपैकी दीड पॉइंट केलेल्या मुलीचा ट्रॉफीसकट फोटो मी स्टेटसला टाकला, चार ॲडमिशन्स आली. नंतर ती मुलगी जरा मोठ्या टूर्नामेंटला गेली, पहिले चार डाव हरली आणि तिच्या आईने मला विचारलं की मग ती ट्रॉफी कशाची होती? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून पालकांना फोटोऐवजी राउंडचा कागद देते: समोर कोण, कुठे बिघडलं, घड्याळात किती उरलं. तीन टूर्नामेंटचे कागद शेजारी ठेवले की पॉइंट तेच असले तरी मूल पुढे सरकतंय की नाही ते दिसतं. एकाच चुकीने तिन्ही वेळा हरत असेल तर दोष माझ्या शिकवण्याचा, तेव्हा फी परत मागा.

आणि रेटिंग टूर्नामेंटला कधी पाठवणार असं तुम्ही मागे विचारलं होतं. आत्ता नको. 2024 च्या मार्चपासून फिडे ह्या बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेचं रेटिंग 1400 च्या खाली नसतंच, त्यात पहिलं रेटिंग यायला रेटिंगवाल्या खेळाडूंशी निदान पाच डाव लागतात आणि हिशोब 1400 च्या खाली आला तर यादीत नावच येत नाही. एंट्री फी, प्रवास, तीन-चार दिवस शाळा बुडवणं, सगळं करून हातात काही नाही. फोर्क दिसायला लागू दे, मग बोलू.

ह्या महिन्यापासून बॅच परत आठची केलीये, आठच कारण जोड्या लागतात, नऊ झाले की एक मूल बसून राहतं. तुमच्या मुलाचे राहिलेले एंडगेमचे सहा तास शनिवारी साडेचार वाजता घेते, वेगळी फी नाही. तुम्हीही या आणि मागे बसा. तिसऱ्या राउंडची ती पोझिशन लावून ठेवते, वजीर ई6, राजा डी4, समोरचा राजा एच8, बघू आता काय खेळतो.