पीकेएवर पीएच ठेवून पद्धत उभी राहत नाही

«रेणू आयनित होणारा असेल तर मोबाइल फेजचा पीएच त्याच्या पीकेएवरच ठेवा, तिथं पीक हवं तसं सरकवता येतं. फॉस्फेट बफर कुठल्याही पीएचला चालतो. कॉलम कुठलाही सी-१८ लावा, टेलिंग आलं तर ट्रायइथिलअमाइन आहेच.»

औषधाची एचपीएलसी पद्धत बसवताना बेळगाव, खानापूर, निपाणीकडची एम. फार्म.ची मुलं हा सल्ला एकमेकांना देत आली आहेत. त्यापायी प्रबंधाचे महिने वाया जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यातलं पहिलं वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं, कारण ते अर्धं खरं आहे. पीकेएपाशी पीक सरकतं हे बरोबर, पण तुम्हाला नको असतानाही ते सरकतं.

पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅकची गोळी घ्या. डायक्लोफेनॅक हे आम्ल आहे आणि त्याचा पीकेए साधारण ४. पीएच ४ ठेवला की निम्मे रेणू उदासीन असतात आणि निम्मे आयनित. उदासीन रेणू कॉलमला धरून राहतात, आयनित लवकर बाहेर पडतात, आणि पीक या दोघांच्या सरासरीवर येतं. हिशेबासाठी उदासीन रूपाचा रिटेन्शन फॅक्टर १० आणि आयनिताचा ०.५ धरू. पीएच ४.० ला एकत्रित फॅक्टर ५.२५ येतो. पीएच ४.१ झाला की उदासीन वाटा सुमारे ४४ टक्क्यांवर उतरतो आणि फॅक्टर ४.७ होतो. म्हणजे पीएच मीटरच्या ०.१ फरकानं रिटेन्शन दहा टक्क्यांनी घसरलं. आता पीएच २.५ घ्या. तिथं फॅक्टर ९.७ आहे आणि तोच ०.१ चा फरक त्याला एक टक्काही हलवत नाही.

बेळगावात पीएच ४ ला बसवलेली अशी पद्धत चोर्ला घाट उतरून वेर्ण्याच्या कंपनीत गेली, की तिथला मीटर आणि तिथला हात वेगळा असतो. मग डायक्लोफेनॅकचं पीक जागा सोडतं. दोष कुठं आहे हे ओळखायला पॅरासिटामॉलच मदत करतं. त्याचा पीकेए ९.५ च्या आसपास असल्यानं या भागात ते उदासीनच राहतं. ते जागेवर असेल आणि फक्त डायक्लोफेनॅक हललं असेल, तर पीएच तपासा. दोन्ही हलली असतील, तर मिथेनॉलचं प्रमाण किंवा फ्लो बघा.

म्हणून पीएच पीकेएपासून दीड-दोन एकक लांब ठेवायचा. आम्लासाठी खाली गेलं तर ते उदासीन राहतं. रिटेन्शन वाढतं, पण मिथेनॉल वाढवून ते आवरता येतं. पीएच नेहमी बफरच्या पाण्यातच, मिथेनॉल घालण्याआधी मोजायचा आणि पद्धतीत तसं लिहायचं. मिसळल्यावर मीटरचा आकडा वेगळा येतो, आणि आम्लाचा पीकेएसुद्धा वर सरकतो.

आता फॉस्फेट. त्याचे कामाचे पीकेए २.१ आणि ७.२. बफर आपल्या पीकेएच्या एक एकक इकडंतिकडंच तग धरतो, त्यामुळं ४ ते ५ च्या मधे फॉस्फेट जवळपास नुसतं मीठ असतं. मीटरवर ४.५ दिसतो खरा, पण नमुन्याच्या डायल्युअंटमधलं थोडं आम्लही तो हलवतं. त्या भागात जावंच लागलं तर ॲसिटेट घ्या, त्याचा पीकेए ४.७६.

कॉलमचा प्रश्न बेसिक औषधांना जास्त नडतो. ॲम्लोडिपीनचा पीकेए ९ च्या जवळपास आहे. पीएच ५-६ ला ते धनभारित असतं, आणि त्याच वेळी सिलिकावरचे सिलॅनॉल ऋणभारित व्हायला लागतात. जुन्या, धातूंची अशुद्धी असलेल्या सिलिकेवर त्यामुळं पीकची शेपूट लांबते. कॉलमच्या डब्यावर सी-१८ लिहिलेलं असतं, पण खालची सिलिका सारखी नसते. पीएच २.५ ते ३ ला आणलं की बहुतेक सिलॅनॉल निष्प्रभ होतात, ॲम्लोडिपीन पूर्ण भारित म्हणून स्थिर राहतं, आणि शुद्ध सिलिकेचा, नीट एंडकॅप केलेला सी-१८ पुरतो. भारित असूनही ते पुरेसं थांबतं, कारण रेणूचा बाकीचा भाग पाण्याला टाळणारा आहे.

ट्रायइथिलअमाइन टाकण्याआधी शेपूट कशानं आली ते बघा. नमुना दहापट पातळ करून टोचा. शेपूट आखडली तर तो ओव्हरलोड होता, कमी टोचा. तशीच राहिली तर टोल्यूइनसारखं उदासीन द्रव्य टोचा. त्यालाही शेपूट असेल तर कॉलमचा बेड किंवा जोडणी बिघडली आहे, तिथं अमाइन काही करणार नाही. टोल्यूइन सरळ आणि औषध वाकडं असेल, तरच सिलॅनॉलवर संशय घ्यायचा, आणि तेव्हाही आधी कॉलम बदलून बघायचा. अमाइन टाकलंच तर पीएच ते टाकल्यावर लावा, नाहीतर तो वर चढतो, आणि तो कॉलम त्याच पद्धतीसाठी राखून ठेवा.

बेसिक औषध उदासीन रूपातच हवं असेल तर पीएच ११ कडं जावं लागतं. साधी सिलिका ८ च्या वर विरघळते, त्यामुळं तिथं कंपनीनं तेवढा पीएच लिहून दिलेला हायब्रिड कॉलमच घ्यावा लागतो.