फोन केला असता तर?

गेल्या वर्षभरात माझ्या रोमँटिक कॉमेडीची पटकथा तीनदा नव्यानं लिहून झालीय. ११० पानं, म्हणजे ढोबळमानानं तितकीच मिनिटं. पहिल्या खर्ड्यात सगळं 'जागच्या जागी' होतं. अकराव्या पानावर भेट, अठ्ठ्याहत्तराव्यावर गैरसमज, शंभराव्यावर नायकाची स्टेशनवर धावाधाव. वाचून मैत्रीण एवढंच म्हणाली, "अगं, तिनं एक फोन का नाही केला?"

झालं. पटकथा तिथेच मेली.

माझा नायक केदार एक मंगल कार्यालय सांभाळतो. त्याला कुणालाच 'नाही' म्हणता येत नाही. रेवती बहिणीच्या लग्नासाठी हॉल बघायला येते, तेव्हा एकाच तारखेला दोन पार्ट्यांना होकार गेलेला असतो. बुकिंगच्या वहीत सगळ्या नोंदी पेन्सिलीनं. ती विचारते, "पेन नाहीये का तुमच्याकडे?" ही भेट मला अजूनही आवडते, कारण पुढचे सगळे अडथळे याच पेन्सिलीतून निघतात. गुरुजी, केटरर, दुसरी पार्टी, सगळ्यांना तो 'बघू, करू' म्हणत राहतो आणि निस्तरावं लागतं रेवतीला.

गैरसमज मात्र मी बाहेरून आणला होता. रेवती त्याला एका मुलीबरोबर कॉफी पिताना बघते, ती निघते मावसबहीण! यात केदारची काहीच चूक नाही. मग खुलासा झाला की संपलं, आणि खुलासा लांबवायचा तर फोनची बॅटरी संपवा, पाऊस पाडा.

नव्या खर्ड्यात केदार आईचं मन मोडवत नाही म्हणून खरोखरच कांदेपोहे खायला जातो. नंतर नकार कळवू, असं मनात. रेवतीला कळतं. ती फोन करतेच. "गेला होतास?" "हो." "नाही म्हणालास?" यावर तो गप्प. तिचा समज एवढाच चुकीचा की त्याला ती मुलगी पसंत आहे. बाकी सगळं खरं. म्हणूनच पुढची वीस पानं ताणावी लागत नाहीत.

मग शेवटी स्टेशन, गुलाब, घोषणेचा माइक कशाला? धावणं त्याला कधी जड गेलंच नव्हतं, जड जातं ते 'नाही' म्हणणं. साखरपुड्याच्या बैठकीत, दोन्ही घरच्यांसमोर, हातात चहाचा कप असताना तो ते म्हणतो. आई उठून आत जाते. तो प्रसंग मी अजिबात गोड केलेला नाही.

रेवती तिथे नसतेच. ती चार दिवसांनी डिपॉझिट परत घ्यायला येते, वही उघडते. साखरपुड्याच्या तारखेवर आडवी रेघ, खाली 'रद्द' आणि त्याची सही. निळ्या पेननं.

दिग्दर्शकाचं म्हणणं, नायिका समोर हवी, नाहीतर थिएटरात शिट्ट्या पडणार नाहीत. शिट्ट्यांचं त्याचं बरोबर असेलही. पण ती समोर बसली की केदारचं 'नाही' तिला दाखवण्यासाठीचं होतं, आणि लोकांना आवडेल तेच बोलणारा तो जुनाच केदार राहतो. सोमवारी परत बसतोय आम्ही.