रिकामा खाना म्हणजे काठोकाठ भरलेली विहीर नव्हे

«चार्टची रेषा मधेच तुटली की मीटिंगमध्ये प्रश्न येतात. 1) नोंद नसेल तिथे 0 टाका, रिकामं म्हणजे शून्यच. 2) शून्य नको असेल तर मागचा-पुढचा आकडा जोडून टाका, एकच गोष्ट आहे. 3) सरासरीवर काही फरक पडत नाही. 4) तुटकी रेषा म्हणजे कामात हयगय. सगळ्या गटांत पाठवा.»

हा मजकूर फिरत फिरत आमच्या पाणलोट समितीच्या गटावर आला. विहिरींची वही सांभाळणाऱ्या माझ्या पुतणीनं तो खरा मानून जूनच्या तीन रिकाम्या खान्यांत शून्य भरलं. चूक तिची नाही, हे लिहून पाठवणाऱ्याची आहे.

पहिल्या मुद्द्यानं सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून तो नीट पाहू. विहिरीची पातळी म्हणजे जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते अंतर. केंद्रीय भूजल मंडळ देशभर याच मापात, ‘जमिनीखाली इतके मीटर’ असं लिहितं, आणि गावातली वहीसुद्धा तशीच असते. या मापात शून्याचा अर्थ एकच: पाणी जमिनीला टेकलंय, वाकून तांब्या भरावा. जूनमध्ये वऱ्हाडातली कोणती विहीर अशी असते, हे मजकूर लिहिणाऱ्यानं सांगावं.

आता आकडे घेऊ. धरा, विहीर चाळीस फुटी आहे, म्हणजे जमिनीपासून साधारण 12 मीटर. कठडा 0.8 मीटर उंच आहे. टेप कठड्यावरून सोडतात, म्हणून वाचनातून 0.8 वजा करायचे. 8 जूनला टेपवर 11.2 आले, पातळी 10.4. पुढं 15, 22 आणि 29 जूनला कोणी मोजलंच नाही. 6 जुलैला टेपवर 7.0 आले, पातळी 6.2. शीटमध्ये वजाबाकीचं सूत्र खालपर्यंत ओढलेलं असतं आणि एक्सेल रिकाम्या खान्याला शून्य धरतं. मग त्या तीन आठवड्यांची पातळी येते उणे 0.8, म्हणजे पाणी कठड्याच्या काठापर्यंत! चार्टमध्ये रेषा वर उडी मारते, तीन आठवडे तिथंच राहते आणि जुलैत पुन्हा खाली पडते. वर शून्य आणि खाली खोली असा उलटा अक्ष असेल तर हे लगेच ओळखू येतं. अक्ष सरळ ठेवला असेल तर तीच रेषा खाली जाते, आणि पाहणाऱ्याला वाटतं विहीर आटली.

यावर सूत्र एवढंच. B मध्ये टेपचं वाचन, D मध्ये पातळी:

```
=IF(B5="",NA(),B5-0.8)
```

B5 रिकामा असला की #N/A येतो. मग चार्टवर उजवं बटण दाबून Select Data, तिथून Hidden and Empty Cells उघडा, Gaps निवडा आणि Show #N/A as empty cell वर खूण करा. जुन्या एक्सेलमध्ये ही दुसरी खूण नसते आणि #N/A वरून रेषा सरळ जोडली जाते. तिथं त्या ओळींतून सूत्रच पुसा, खाना खरोखर रिकामा हवा. #N/A ऐवजी "" वापरू नका. ते रिकामं दिसतं, पण एक्सेलच्या लेखी तो मजकूर असतो आणि रेषा पुन्हा शून्यावर येते. तारखेची ओळसुद्धा काढू नका. ओळ काढली की एक्सेल आधीचा आणि नंतरचा बिंदू जोडून टाकतं आणि तीन आठवडे मोजलं नव्हतं हे कळतच नाही.

शून्य खरं असतं ते पर्जन्यमापकाच्या वहीत. हवामान विभागाच्या रीतीप्रमाणे सकाळी साडेआठला आधीच्या 24 तासांचा पाऊस मोजतात. त्या वेळी भांडं कोरडं निघालं तर ‘0’ हीच खरी नोंद आहे. सरकारी कागदावर आपण ‘निरंक’ लिहितो, ते हेच. भांड्यापाशी कोणी गेलंच नाही तर ते निरंक नाही, ‘मोजलं नाही’ आहे. दोन दिवस चुकवून तिसऱ्या दिवशी 46 मिलिमीटर निघाले तर तो तिन्ही दिवसांचा एकत्र पाऊस आहे. तो एका दिवसाच्या नावावर मांडू नका, ‘तीन दिवसांचा’ असं लिहा.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. डिसेंबर ते मार्च फारसा पाऊस नसतो आणि पातळी सावकाश उतरते. अशा वेळी एखादाच आठवडा चुकला तर दोन्ही बाजूंचे बिंदू तुटक रेषेनं जोडायला हरकत नाही. शेजारी ‘अंदाज’ लिहा आणि तो आकडा मोजलेल्या रकान्यात घालू नका. मृगापासून आर्द्रापर्यंत मात्र हे चालत नाही. वरच्याच विहिरीत 10.4 पासून 6.2 पर्यंत चार आठवड्यांत 4.2 मीटरचा फरक आहे, म्हणजे आठवड्याला 1.05. सरळ जोडलं तर 15 जूनला 9.35, 22 ला 8.30 आणि 29 ला 7.25 येतात. रेषा सांगते, मृग लागला आणि लगेच विहीर चढू लागली. पण समजा पहिला जोराचा पाऊस 24 जूनला झाला. तर 22 ला पातळी 10.7 च्या आसपास असणार, विहिरीत दीड मीटरही पाणी नाही, आणि चार्ट दाखवतो पावणेचार मीटर. पाण्याचा ताळेबंद मांडताना हे पाणी कुठून आणणार?

तिसरा मुद्दा एका ओळीत संपतो. त्या पाच आठवड्यांची सरासरी मोजलेल्या दोनच नोंदींवर 8.30 येते, आणि पातळीच्या रकान्यात तीन शून्यं धरली तर 3.32.

या मजकुरात एक प्रकार आलेलाच नाही आणि आपल्याकडे तो दर उन्हाळ्यात येतो: विहीर कोरडी पडणं. टेप तळाला टेकला आणि पाणी नाही, तर ते शून्य नाही आणि ‘मोजलं नाही’ही नाही. मोजलंय, आणि उत्तर आहे ‘12 पेक्षा खाली’. इथं खाना रिकामा सोडला तर टंचाईचा सगळ्यात मोठा पुरावा चार्टमधून गायब होतो. म्हणून C मध्ये नोंदीचा रकाना ठेवा: मोजली, मोजली नाही, कोरडी. मग दुसरी मालिका काढा:

```
=IF(C5="कोरडी",12,NA())
```

या मालिकेची रेषा बंद करा, फक्त त्रिकोणाची खूण ठेवा आणि खाली लिहा, ‘त्रिकोण: विहीर कोरडी, पातळी तळाच्याही खाली’.

राहिला चौथा. न मोजलेला आठवडा तुटलेला दाखवणं ही हयगय नाही, मोजायला न जाणं ही आहे, आणि ती दिसली तरच पुढच्या वेळी कोणी जाईल. फक्त बिंदूंच्या खुणा चालू ठेवा. दोन रिकाम्या आठवड्यांच्या मधे एकच नोंद असेल तर तिला जोडायला शेजारी बिंदू नसतो, आणि खुणा बंद असतील तर ती मोजलेली नोंदही चार्टमध्ये दिसत नाही.