खिडकीचा उजेड, पिवळा बल्ब आणि एकच पट्टी

“खिडकीचा उजेड आणि घरातला बल्ब एकाच क्लिपमध्ये आला तरी टेन्शन घेऊ नका. व्हाइट बॅलन्स मधोमध 4300 केल्व्हिनवर लॉक करा, एडिटिंगमध्ये भिंतीच्या पांढऱ्या भागावर आयड्रॉपर मारा, सगळे रंग जागेवर येतात. कुठं राहिलंच तर मास्क लावा. दिवे बदलत बसण्यात वेळ घालवू नका.”

या सल्ल्यातला ‘लॉक करा’ एवढा भाग योग्य आहे आणि तो आधी मान्य करतो. ऑटो व्हाइट बॅलन्स सुरू असेल तर माणूस दिव्याकडे झुकला की कॅमेरा आपला अंदाज बदलतो, आणि क्लिपच्या मध्येच भिंतीचा रंग सरकतो. अशी सरकती झाक नंतर काढणे स्थिर झाक काढण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. मात्र पुढच्या चारही सूचनांमध्ये चूक आहे, आणि ती नेमकी कुठे आहे हे दाखवणे मला आवश्यक वाटते, कारण याच पद्धतीने मी स्वतः कोल्हापुरात केलेले एक चित्रीकरण वाया गेले.

पहिला मुद्दा आयड्रॉपरचा. व्हाइट बॅलन्स म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनलला तीन ठरावीक आकड्यांनी गुणणे, आणि हे तीन आकडे संपूर्ण चौकटीला सारखेच लागू होतात. आयड्रॉपर फक्त एवढेच पाहतो की तुम्ही दाखवलेला ठिपका करडा व्हायला कोणते आकडे लागतील. त्याच भिंतीचा डावा भाग खिडकीने आणि उजवा भाग बल्बने उजळला असेल, तर दोन्ही भागांना लागणारे आकडे वेगळे असतात आणि एका वेळी त्यांपैकी एकच संच वापरता येतो. हे कोणालाही स्वतःच्या क्लिपवर दोन मिनिटांत तपासता येईल. खिडकीजवळच्या भिंतीवर आयड्रॉपर लावा, दुसरी बाजू नारिंगी होईल. बल्बजवळ लावा, खिडकीची बाजू निळी होईल. साधन बिघडलेले नसते. एका उत्तरात न मावणारा प्रश्न आपण त्याला विचारलेला असतो.

दुसरा मुद्दा ‘मधोमध’ या शब्दाचा. केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचे माप आहे, आकडा लहान तितका उजेड पिवळा, पण हे आकडे डोळ्याला जाणवणाऱ्या फरकाच्या प्रमाणात वाढत नाहीत. 2800 आणि 3300 यांतला फरक सहज दिसतो, पण 6800 आणि 7300 यांतला फरक जेमतेम जाणवतो. म्हणून प्रकाशयोजनेत मायरेड हे माप वापरतात, आणि ते काढायला दहा लाखाला केल्व्हिनने भागायचे असते. ज्या चित्रीकरणाचा मी उल्लेख केला, तिथे खिडकीचा उजेड 6800 केल्व्हिन, म्हणजे 147 मायरेड होता, आणि बल्ब 2800 केल्व्हिन, म्हणजे 357 मायरेड. 4300 केल्व्हिन म्हणजे 233 मायरेड. याचा अर्थ खिडकी 86 मायरेडने निळी आणि बल्ब 124 मायरेडने नारिंगी राहिला. खरा मध्य 252 मायरेडवर, म्हणजे सुमारे 3970 केल्व्हिनवर पडतो. पण तो गाठला तरी दोन्ही बाजू 105 मायरेडने चुकलेल्याच राहतात. मधल्या आकड्याने चूक दोघांत वाटली जाते, कमी होत नाही, आणि चौकटीतला एकही भाग खऱ्या रंगात दिसत नाही.

आता ते चित्रीकरण. गुजरी या सराफ पेठेतल्या एका जुन्या कारागिराच्या माडीवर आम्ही कोल्हापुरी साज घडवण्याची क्लिप घेत होतो. जुलै महिना, बाहेर पावसाचे भरून आलेले आभाळ, कारागिराच्या डाव्या हाताला खिडकी आणि उजव्या बाजूला, कामाच्या पाटावर दीड-दोन फुटांवरून टांगलेला पिवळा बल्ब. मी वरच्याच सल्ल्याप्रमाणे 4300 लावले. संगणकावर पाहिले तर काकांचा डावा गाल राखाडी-निळा, उजवा गाल भाजल्यासारखा नारिंगी, आणि साजाची पाने त्याहून वाईट. घासून चकचकीत केलेला धातू आरशासारखा वागतो. ज्या पानाचा कल खिडकीकडे, ते हिरवट-फिके दिसत होते, आणि त्याला लागून असलेले बल्बकडे झुकलेले पान तांब्यासारखे. एकाच सोन्याचे हे दोन रंग होते. ज्या क्लिपचा विषयच सोने आहे, तिथे ही चूक खपवून घेता येत नाही.

मग मास्क, म्हणजे चौकटीच्या ठरावीक भागापुरतीच रंगाची दुरुस्ती लावणे. मास्कचा सल्ला सरसकट खोटा नाही. दोन उजेडांची हद्द दोन वेगळ्या वस्तूंवर पडत असेल, म्हणजे माणूस पूर्ण खिडकीच्या उजेडात आणि मागची भिंत पूर्ण बल्बच्या उजेडात असेल, तर मास्क चांगले काम करतो. एकाच चेहऱ्यावर मात्र हद्द नसतेच. डाव्या कानापाशी जवळजवळ सगळा उजेड खिडकीचा, नाकापाशी निम्मा-निम्मा, उजव्या कानापाशी बहुतेक बल्बचा, असे प्रमाण बोटाबोटाला बदलत जाते आणि प्रत्येक ठिकाणी दुरुस्तीचे आकडे वेगळे लागतात. कडा मऊ केलेला मास्क एखादी स्थिर चौकट सावरू शकतो. पण माणसाने मान वळवली की प्रमाण बदलते आणि मास्क जुन्याच प्रमाणाने रंग लावत राहतो. अशा वेळी नाकाच्या कडेने एक मळकट जांभळी-करडी पट्टी हलताना दिसते. ती दिसली की समजावे, मास्कची मर्यादा संपली.

मी दुसरा मार्गही करून पाहिला. व्हाइट बॅलन्स खिडकीप्रमाणे बसवला आणि Hue vs Sat वक्राने नारिंगी रंगाची तीव्रता उतरवली. मुलाखतीच्या साध्या क्लिपमध्ये हा उपाय खरोखर उपयोगी पडतो, कारण त्यात झाक पुसण्याचा हट्ट नसतो, ती फक्त सौम्य होते आणि डोळा सौम्य झाक सहज स्वीकारतो. इथे मात्र सोन्याचा रंग आणि बल्बची झाक एकाच पट्ट्यात पडत होती. भिंत निवळली, तशी साजाची पानेही पितळी होऊन बसली.

‘एडिटिंगमध्ये सगळे जागेवर येते’ यावर एक गोष्ट थोडक्यात सांगतो. चित्रात खिडकीची काच अति उजेडाने पूर्ण पांढरी झाली असेल तर तिथे रंगाची माहितीच उरलेली नसते. व्हाइट बॅलन्सची पट्टी उबदार बाजूला सरकवली की ते पांढरे पीच रंगाचे होते. उलट बल्बच्या बाजूला निळा चॅनल मुळातच कमकुवत असतो, आणि तो ओढून वर आणला की आठ बिटच्या क्लिपमध्ये सावल्यांत निळे दाणे उठतात. रॉ चित्रीकरणात हे नुकसान कमी होते, पण दोन उजेडांचा प्रश्न रॉमध्येही तसाच राहतो.

शेवटची सूचना सर्वांत महाग पडणारी आहे: दिवे बदलू नका. आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो तेव्हा दिवा बदलायला पाच मिनिटेही लागली नाहीत. आधी पडदा ओढून फक्त बल्बमध्ये ग्रे कार्डची काही सेकंदांची क्लिप घेतली, मग बल्ब बंद करून फक्त खिडकीत घेतली. कॅमेऱ्याचा कस्टम व्हाइट बॅलन्स प्रत्येक वेळी जो आकडा दाखवतो, तेच वर दिलेले 2800 आणि 6800. एवढे अंतर जिलेटिनने, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाने भरायचे, तर बल्बवर लावायचा पूर्ण सीटीबी हा निळा कागद उणे 137 मायरेड एवढेच सरकवतो, आणि त्यात बल्बचा सुमारे दोन तृतीयांश उजेड शोषला जातो. म्हणून जिलेटिनऐवजी बल्बच काढला आणि त्याच होल्डरमध्ये 6500 केल्व्हिनचा एलईडी लावला. 6500 म्हणजे 154 मायरेड. खिडकीशी फरक उरला अवघा 7 मायरेडचा, जो दिसत नाही.

बल्ब घेताना फक्त केल्व्हिन पाहून चालत नाही. स्वस्त एलईडीत लाल कमी आणि हिरवी झाक जास्त असू शकते, आणि ती केल्व्हिनच्या आकड्यात उमटत नाही. सोन्यावर आणि त्वचेवर ती लगेच कळते. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सीआरआयचा आकडा सांगतो, म्हणून खोक्यावर सीआरआय 90 किंवा त्याहून अधिक लिहिलेला बल्ब घ्यावा, आणि तरीही ग्रे कार्ड हिरवट दिसले तर बल्बवर फिक्या मजेंटा जिलेटिनचा तुकडा लावावा. एलईडी फारसा तापत नसल्याने हे निर्धोक असते.

काकांना मात्र तो उजेड रुचला नाही. “दादा, ह्या उजेडात माझं सोनं लई फिकं दिसाय लागलंय की,” असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते, कारण त्यांच्या डोळ्याला वर्षानुवर्षे पिवळ्या बल्बखालचे सोने ठाऊक होते. व्हाइट बॅलन्स 6500 वर लॉक करून कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांना पाने दाखवली, तेव्हा सगळी पाने एकाच रंगाची दिसत होती आणि त्यांनी तो रंग ओळखला. दुपारी मध्येच ऊन पडले आणि खिडकी 5500 च्या आसपास, म्हणजे 182 मायरेडवर आली. अशा वेळी 28 मायरेडचा फरक पडतो, जो नीट पाहिल्यास जाणवतो. तेवढ्यापुरते थांबून ढग परत येईपर्यंत आम्ही हातांचे जवळचे शॉट बाजूला ठेवले.

दिवा बदलणे शक्यच नसेल, उदाहरणार्थ छतात बसवलेले पिवळे दिवे असलेल्या लग्नाच्या हॉलमध्ये, तर उलट बाजूने जावे आणि खिडकीच्या काचेवर पूर्ण सीटीओ हे नारिंगी जिलेटिन लावावे. ली कंपनीचा 204 क्रमांकाचा सीटीओ 159 मायरेड सरकवतो. आमच्या 147 वर तो मिळवला तर 306, म्हणजे सुमारे 3270 केल्व्हिन होते. 2800 शी अजून 51 मायरेडचे अंतर राहते, ते त्यावर पाव सीटीओचा थर देऊन भरते. काचेवरच्या या थरांनी खिडकीचा उजेडही उतरतो, आणि बाहेरचे अति उजेडाने आलेले पांढरेपण कमी होते, हा त्याचा वेगळा फायदा.

आणि जिथे पिवळा दिवा मागे कोपऱ्यात, देवघरापाशी जळतो आहे आणि त्याचा उजेड माणसाच्या चेहऱ्यापर्यंत येत नाही, तिथे त्याला हात लावू नये. व्हाइट बॅलन्स खिडकीप्रमाणे बसवावा आणि दिवा नारिंगीच राहू द्यावा. त्याचा उजेड चेहऱ्यावर येतो का हे तपासायला दिवा एकदा विझवून पाहावा: गालाचा रंग बदलला नाही, तर तो दिवा जसा आहे तसा ठेवायला हरकत नाही.